सहा सेकंदांची धाव, तीस सेकंदांची विश्रांती: क्रिएटिन फॉस्फेट नेमकं काय करतं?

अनिकेत_ध

मी छोट्या अंतराच्या धावा करतो. आमचा एक नेहमीचा सराव असा असतो: सहा सेकंद सगळा जोर लावून धावायचं, तीस सेकंद थांबायचं, पुन्हा धावायचं, अशा दहा धावा. पहिल्या दोन-तीन मस्त होतात. पाचव्या-सहाव्यापासून पाय जड व्हायला लागतात आणि दहावीला वेग स्पष्ट उतरलेला असतो.

जिथे तिथे वाचायला मिळतं की जोरदार हालचालीची पहिली आठ-दहा सेकंदं क्रिएटिन फॉस्फेटवर निघतात. माझी धाव तर सहाच सेकंदांची. म्हणजे प्रत्येक धाव त्या साठ्यात आरामात बसायला हवी, मग मी थकतो कशामुळे? माझ्या समजुतीत कुठेतरी खोट आहे, ती कुठे ते कळत नाही.

दुसरा प्रश्न. हल्ली मेंदूसाठीही क्रिएटिन घ्या असं बरेच जण सांगतात. मेंदू काही सहा सेकंदांच्या धावा मारत नाही. तिथे या पदार्थाचं काम काय?

केदार_तालीम

अनिकेत, शरीरात इंधनाच्या तीन टाक्या आहेत असं समज. पहिली क्रिएटिन फॉस्फेटची, ती दहा सेकंद पुरते. ती संपली की ग्लायकोजेनची टाकी उघडते, त्यातून लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होतं. ती दोनेक मिनिटं चालते. त्यानंतर ऑक्सिजनवाली. तुझ्या बाबतीत तीस सेकंदांत पहिली टाकी पूर्ण भरत नाही, एवढंच. विश्रांती वाढव, फरक पडेल. मी शिकवतो त्या मुलांना हेच सांगतो आणि त्यांना गुण येतो.

सुमेधा_ज

केदार, विश्रांती वाढवण्याचा तुमचा सल्ला बरोबर आहे. टाक्या एकामागून एक उघडतात हे मात्र तसं नाही, आणि अनिकेतचं गणित तिथेच अडलं आहे. मी स्नायूंच्या ऊर्जेवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून थोडे आकडे मांडते.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा प्रत्यक्षात खर्च होतो तो एटीपी. तो स्नायूत फार थोडा असतो. एक किलो कोरड्या स्नायूमागे साधारण २४ मिलिमोल. क्रिएटिन फॉस्फेट त्याच मापाने ७५ ते ८०, म्हणजे तिप्पट. आता खर्च बघा. पूर्ण जोराच्या सहा सेकंदांच्या धावेत दर सेकंदाला सुमारे १५ मिलिमोल एटीपी लागतो, सहा सेकंदांत ९०. नुसत्या साठ्यातल्या एटीपीवर भागवायचं म्हटलं तर दोन सेकंदही निघणार नाहीत.

आणि तरीही अशी धाव संपल्या संपल्या मांडीच्या स्नायूचा सुईने तुकडा काढून पाहिला, तर एटीपी जेमतेम १३ टक्क्यांनी उतरलेला असतो. क्रिएटिन फॉस्फेट मात्र निम्म्याहून जास्त, ५७ टक्के संपलेलं. ७७ चे ५७ टक्के म्हणजे ४४. लागले होते ९०. जवळपास निम्मं क्रिएटिन फॉस्फेटने दिलं, आणि उरलेल्यातलं बहुतेक सगळं ग्लायकोजेनपासून लॅक्टेट होताना मिळालं. तेसुद्धा त्याच सहा सेकंदांत. कोणी कोणाची वाट पाहत नाही.

केदार_तालीम

पहिल्या सहा सेकंदांत लॅक्टेट? मला तर शिकवलं होतं की ते सुरू व्हायलाच वेळ लागतो. पायात आग होते तीसुद्धा नंतरच.

सुमेधा_ज

आग नंतर जाणवते, कारण आम्लता साठायला वेळ लागतो. पण ग्लायकोजेन तुटायला सुरुवात लगेच होते. ज्या कॅल्शियममुळे स्नायू आकुंचन पावतो, त्याच कॅल्शियममुळे ग्लायकोजेन तोडणारं एन्झाइम जागं होतं. त्या एन्झाइमला कामासाठी मोकळं फॉस्फेट लागतं, आणि स्वस्थ बसलेल्या स्नायूत ते थोडंच असतं. ते येतं कुठून? क्रिएटिन फॉस्फेटने एटीपी भरून दिला, तो एटीपी पुन्हा तुटून एडीपी आणि मोकळं फॉस्फेट झालं, तिथून. म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट खर्च होतानाच ग्लायकोजेनची वाट मोकळी करून देतं. म्हणूनच मला 'टाकी' ही उपमा पटत नाही. टाक्यांमध्ये एकीच्या रिकामं होण्याने दुसरीला चालना मिळत नाही.

नीलांबरी

मधेच विचारते, राग मानू नका. माझ्या वडिलांच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.४ आलं आहे. ते रोज भरभर चालतात. म्हणजे त्यांच्या स्नायूंची ऊर्जा जास्त खर्च होते आहे का? चालणं कमी करायला सांगू का?

विशाखा_बालरोग

नीलांबरी, क्रिएटिन आणि क्रिएटिनिन ही नावं सारखी असली तरी तुम्ही पाहताय तो आकडा ऊर्जा किती खर्च झाली ते सांगत नाही. क्रिएटिन आणि क्रिएटिन फॉस्फेट दोन्ही आपोआप, कोणत्याही एन्झाइमशिवाय, अगदी हळू क्रिएटिनिनमध्ये बदलत राहतात. रोज शरीरातल्या एकूण साठ्याचे जेमतेम पावणेदोन टक्के. माणूस चालो की झोपून राहो, ते होतच असतं. क्रिएटिनिनचा पुढे काही उपयोग नाही, मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. म्हणून रक्तातला त्याचा आकडा पाहून मूत्रपिंडाचा अंदाज घेतात.

ज्याचे स्नायू जास्त, त्याचा आकडा थोडा वर असतो. क्रिएटिनची पावडर घेणाऱ्यांचाही वर जाऊ शकतो, मूत्रपिंड ठणठणीत असताना. पण वडिलांच्या बाबतीत असंच असेल असं धरून चालू नका. त्यांच्या डॉक्टरांना वय, आधीचे आकडे आणि ते काही पावडर घेतात का हे सगळं सांगा. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी असते, तिच्यावर स्नायूंचा आणि क्रिएटिनचा इतका प्रभाव पडत नाही. आणि चालणं त्या आकड्यावरून बंद करायला सांगू नका, डॉक्टरांना विचारा.

नीलांबरी

खूप आभार विशाखाताई. बाबा पावडर वगैरे काही घेत नाहीत. जुने रिपोर्ट शोधून डॉक्टरांकडे घेऊन जाते. तुमचा धागा पुढे चालू दे.

अनिकेत_ध

सुमेधाताई, एक धावेचा हिशोब कळला. पण एक अडतंय. एटीपी १३ टक्केच उतरतो म्हणालात. म्हणजे ८७ टक्के शिल्लक! मग क्रिएटिन फॉस्फेट नसतं तरी स्नायू तो उरलेला एटीपी वापरून थोडा वेळ का चालला नसता? त्याला इतकं सांभाळून ठेवण्याची गरज काय?

सुमेधा_ज

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण खरी गोष्ट इथेच आहे. स्नायूचं लक्ष एटीपी किती उरला यावर कमी आणि एडीपी किती साचला यावर जास्त असतं.

स्वस्थ स्नायूच्या पेशीत एटीपी साधारण ८ मिलिमोलर असतो, आणि मोकळा एडीपी फक्त ०.०२ च्या आसपास. चारशेपट फरक. या फरकावरच एटीपी तुटताना किती ऊर्जा हाती लागेल ते ठरतं. एडीपी वाढला की प्रत्येक एटीपीतून मिळणारी ऊर्जा कमी होते, स्नायू ओढणाऱ्या मायोसिन या प्रथिनाचं चक्र मंदावतं, कॅल्शियम परत ओढून घेणाऱ्या पंपालाही जड जातं.

आता समजा क्रिएटिन फॉस्फेट नाही. एटीपी ८ वरून ७.५ वर आला. कमी झाला जेमतेम सहा टक्के. पण तो अर्धा मिलिमोल एडीपी होऊन बसला. एडीपी ०.०२ वरून ०.५२ झाला, सव्वीसपट! एटीपी भरपूर शिल्लक असूनही पेशीची स्थिती बिघडली.

आता क्रिएटिन फॉस्फेट असताना बघा. क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम एडीपीला फॉस्फेट देऊन परत एटीपी करतं, आणि इतक्या झपाट्याने की दोन्ही बाजू जवळजवळ समतोलात राहतात. सुरुवातीला क्रिएटिन फॉस्फेट ३३ आणि मोकळं क्रिएटिन ९ धरा. धावेत क्रिएटिन फॉस्फेट निम्मं झालं, १६.५ उरलं, क्रिएटिन २५.५ झालं. एटीपी तेवढाच धरला तर समतोलाच्या नियमाने एडीपी क्रिएटिन आणि क्रिएटिन फॉस्फेटच्या गुणोत्तराइतका वाढतो. आधी ते ०.२७ होतं, आता १.५५. म्हणजे साडेपाच-सहापट. साडेसोळा मिलिमोल एटीपी खर्चून सहापट, आणि बफर नसता तर अर्ध्याच मिलिमोलला सव्वीसपट.

यात मी आम्लता धरलेली नाही, शिवाय दोन एडीपी मिळून एक एटीपी करणारं दुसरं एन्झाइमही असतं. त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत. पण क्रिएटिन फॉस्फेटला बफर का म्हणायचं ते यातून दिसतं.

गंधार

सुमेधाताईंच्या आकड्यांमागे एक जुना प्रयोग आठवला, केदारच्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे. १९३० मध्ये लुंड्सगार्ड यांनी बेडकाच्या स्नायूला आयोडोअ‍ॅसिटेटचं विष दिलं. त्याने लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होणंच बंद पडतं. तोवर बहुतेकांचं मत होतं की लॅक्टिक अ‍ॅसिडच स्नायूला आखडवतं. पण विष दिलेला स्नायू लॅक्टेटचा थेंबही न करता आकुंचन पावत राहिला, आणि तेवढ्या काळात त्यातलं क्रिएटिन फॉस्फेट संपत गेलं. ते संपल्यावर स्नायू ताठ झाला आणि पुन्हा सैल पडेना. एटीपीशिवाय मायोसिन त्याने धरलेल्या अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला सोडत नाही, म्हणून.

मुळात हा पदार्थ सापडला १९२७ मध्ये. हार्वर्डला फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बराव स्नायूतलं फॉस्फेट मोजण्याची पद्धत बसवत होते. रंग अपेक्षेपेक्षा हळू चढतोय, वेळ जाईल तसा वाढतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे कुठलं तरी संयुग आम्लात तुटून फॉस्फेट सोडत होतं. तेच क्रिएटिन फॉस्फेट. त्याआधी ते प्रत्येक मोजणीत मोकळं फॉस्फेट म्हणूनच गणलं जात होतं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये एगल्टन दांपत्यही स्वतंत्रपणे तिथे पोहोचलं. रंग हळू का चढतो या एवढ्याशा गोष्टीचा पाठपुरावा केला म्हणून एवढं कळलं, हे मला फार मोठं वाटतं.

अनिकेत_ध

गंधार, भारी माहिती. आता माझ्या दहा धावांकडे या ना कोणीतरी.

सुमेधा_ज

तुमच्याच सरावावर नेमका प्रयोग झाला आहे. १९९३ मध्ये गैटानोस आणि सहकाऱ्यांनी तो छापला. सायकलवर सहा सेकंद पूर्ण जोर, तीस सेकंद विश्रांती, अशा दहा फेऱ्या. पहिल्या आणि दहाव्या फेरीच्या आधी आणि नंतर स्नायूचे तुकडे काढले.

वर मी पहिल्या धावेचे आकडे दिले ते यातलेच. दहाव्या फेरीला बसण्यापूर्वी क्रिएटिन फॉस्फेट मूळच्या निम्म्यावर होतं. म्हणजे केदार म्हणाले ते खरं, तीस सेकंदांत भरणं पूर्ण होत नाही आणि तूट साठत जाते. दहावी संपली तेव्हा १६ टक्केच उरलं होतं.

पण खरा धक्का ग्लायकोजेनच्या बाजूने होता. दहाव्या फेरीपर्यंत त्याचा वाटा कोसळला होता. ऑक्सिजनशिवाय बनणाऱ्या एटीपीपैकी पाचएक भागांतले चार क्रिएटिन फॉस्फेटमधून येत होते. आणि त्या मार्गांनी बनणारा एकूण एटीपी पहिल्या फेरीच्या साधारण एक तृतीयांशावर आला होता, तरी सायकलवरची शक्ती मात्र ७३ टक्के टिकून होती. मधली उणीव कोणी भरली? ऑक्सिजनने. सहा सेकंदांच्या फेरीतसुद्धा, कारण तोवर श्वास आणि रक्तप्रवाह चढलेला असतो.

म्हणून अनिकेत, तुमच्या दहाव्या धावेत क्रिएटिन फॉस्फेट कमी आहे म्हणून वेग उतरतो हे निम्मं उत्तर झालं. उरलेलं निम्मं असं की ग्लायकोजेनचा आधार गळालेला असतो, त्यामुळे जे थोडं क्रिएटिन फॉस्फेट आहे त्याच्यावरच सगळा भार येतो.

केदार_तालीम

मान्य, टाक्यांचं चित्र आता मुलांना तसं सांगणार नाही. पण मग भरायला किती वेळ लागतो ते तरी सांगा. सराव ठरवताना तेच लागतं.

सुमेधा_ज

भरणं सुरुवातीला जोरात होतं आणि नंतर मंदावतं. स्नायू फार आम्ल झालेला नसेल तर पहिली निम्मी तूट साधारण अर्ध्या मिनिटात भरून येते. तीस सेकंदांच्या एकाच सलग धावेनंतर मात्र चित्र वेगळं. तिथे दीड मिनिटाने साठा मूळच्या ६५ टक्क्यांच्या आसपास, आणि सहा मिनिटांनीही ८५ च्या आसपासच असतो. आम्लता हे त्यामागचं मोठं कारण आहे, ती समतोल मोकळ्या क्रिएटिनच्या बाजूला ढकलते.

आणि हे भरणं पूर्णपणे ऑक्सिजनवर चालतं. धाव संपल्यावर मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवलं तर क्रिएटिन फॉस्फेट जिथे आहे तिथेच अडकून राहतं. पट्टा सोडला की भरायला लागतं. म्हणूनच ज्याची दमछाक कमी होते, ज्याच्या स्नायूत मायटोकाँड्रिया भरपूर, तो दोन धावांच्या मधे लवकर सावरतो.

अनिकेत_ध

माझ्या बाबतीत अडचण भरण्यातच आहे हे ओळखायचं कसं? मला काही कोणी स्नायूचा तुकडा काढून देणार नाही.

सुमेधा_ज

विश्रांती बदलून पाहा. एका दिवशी तीस सेकंद, दुसऱ्या दिवशी, शरीर ताजं असताना, तीन मिनिटं. बाकी सगळं तसंच ठेवा आणि प्रत्येक धावेची वेळ घ्या. तीन मिनिटांनी दहावी धाव पहिलीच्या जवळ आली तर थकव्याचं कारण त्या मधल्या वेळात भरून येण्यासारखं आहे. तीन मिनिटं देऊनही वेग उतरतोय तर ते दुसरंच काही, आदल्या दिवसाचा व्यायाम, कमी झोप, स्नायूची दुखापत. एक मर्यादा लक्षात ठेवा: विश्रांतीत क्रिएटिन फॉस्फेटबरोबर मोकळं फॉस्फेटही खाली येतं आणि पोटॅशियमही आपल्या जागी परततं. त्यामुळे घड्याळावरून त्यातलं कुठलं कारणीभूत हे वेगळं काढता येत नाही.

तुषार_शं

मला तुकड्यांच्या आकड्यांवर एक शंका आहे. सुई आत जाऊन तुकडा गोठेपर्यंत काही सेकंद जातात. क्रिएटिन फॉस्फेट अर्ध्या मिनिटात निम्मं भरत असेल, तर त्या काही सेकंदांत आकडा बदलणारच. शिवाय तुकड्यात वेगवान आणि संथ दोन्ही तंतू मिसळलेले.

सुमेधा_ज

दोन्ही शंका रास्त आहेत. वेगवान तंतूंत क्रिएटिन फॉस्फेट जास्त असतं आणि जोराच्या कामात तिथेच ते अधिक खोल उतरतं, सरासरीत ते झाकलं जातं. म्हणून ५७ टक्के हा आकडा सगळ्या तंतूंना लागू समजू नये.

दुसऱ्या बाजूने फॉस्फरसच्या चुंबकीय तपासणीतून जिवंत स्नायूत थेट पाहता येतं. पडद्यावर क्रिएटिन फॉस्फेटचं उंच शिखर असतं, शेजारी एटीपीची तीन छोटी. व्यायाम सुरू झाला की उंच शिखर खचतं आणि मोकळ्या फॉस्फेटचं वर येतं, एटीपीची तिन्ही बराच वेळ जागची हलत नाहीत. त्यात एक गंमतीची गोष्ट दिसते. सुरुवातीच्या काही सेकंदांत स्नायू आम्ल होण्याऐवजी किंचित अल्कधर्मी होतो, कारण क्रिएटिन फॉस्फेट एडीपीला फॉस्फेट देताना एक हायड्रोजन आयनही वापरून टाकतं. मग लॅक्टेटचा मार्ग वरचढ होतो आणि आम्लता वाढते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा यंत्र बिघडलंय असं वाटलं होतं.

सोहम_वाचनालय

मी पावडर आणि परीक्षेसाठी आलोय इथे. स्नायूंचं वाचलं, छान आहे. पण मेंदूत पण हेच एन्झाइम असतं म्हणतात, मग पावडर घेतली की मेंदूचा साठा वाढून अभ्यास जास्त होणार, हे सरळ नाही का? मित्र रोज घेतो आणि त्याला फरक जाणवतो.

विशाखा_बालरोग

सोहम, 'एन्झाइम आहे' आणि 'पावडरीने साठा वाढतो' यांच्यामध्ये मोठं अंतर आहे. मेंदूचा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून मी लिहिते.

मेंदूत क्रिएटिन फॉस्फेट खरोखर लागतं याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा काही दुर्मीळ जन्मजात आजारांतून मिळतो. शरीर क्रिएटिन दोन पायऱ्यांनी बनवतं. यातली दुसरी पायरी ज्या मुलांत बंद असते, त्यांच्या मेंदूच्या चुंबकीय तपासणीत क्रिएटिनचं शिखर जवळजवळ नसतंच. बोलणं येत नाही, झटके येतात, हालचाली विचित्र होतात. १९९४ मध्ये असं पहिलं मूल नोंदवलं गेलं. त्याला तोंडाने क्रिएटिन दिलं, आणि महिन्यांच्या हिशोबात ते शिखर परत वर आलं, मूलही सुधारलं. सुधारणा अर्धवट राहते, पण लवकर ओळखून उपचार झाले तर खूप फरक पडतो.

आता याच आजारांतला आणखी एक प्रकार बघ. क्रिएटिन पेशीत नेणारा वाहकच बिघडलेला असतो, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. तिथे तोंडाने कितीही क्रिएटिन दिलं तरी मेंदूत ते पोहोचतच नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच दडलंय. रक्तातून मेंदूत शिरायला त्या वाहकाशिवाय वाट नाही, आणि निरोगी माणसातही ती वाट अरुंद आहे. मेंदू बरंचसं क्रिएटिन स्वतः बनवून घेतो.

सुमेधा_ज

विशाखाताईंच्या म्हणण्याला आकडे जोडते. स्नायूत रोज २० ग्रॅम सहा दिवस, किंवा रोज ३ ग्रॅम महिनाभर घेतलं तर एकूण क्रिएटिन २० टक्क्यांच्या आसपास वाढतं. ज्याचा साठा आधी कमी, त्याचा जास्त वाढतो. मेंदूत रोज २० ग्रॅम चार आठवडे देऊन १९९९ च्या एका अभ्यासात सरासरी वाढ मिळाली ९ टक्क्यांच्या आत. इतर काही अभ्यासांत तर वाढ दिसलीच नाही.

सोहम_वाचनालय

९ टक्के म्हणजे काहीच नाही असं तर नाही ना?

विशाखा_बालरोग

काहीच नाही असं म्हणता येणार नाही. पण ९ टक्क्यांनी स्मरणशक्ती ९ टक्के वाढते असंही नाही. २००३ मध्ये शाकाहारी लोकांवर एक अभ्यास झाला, रोज ५ ग्रॅम सहा आठवडे. आकडे उलट क्रमाने म्हणण्यात आणि तर्काच्या चाचणीत चांगला फरक आढळला. २०२३ मध्ये त्याच धर्तीवर १२३ लोकांचा मोठा अभ्यास झाला, त्यात मांसाहारीही होते. परिणाम मिळाला तो फारच छोटा आणि अनिश्चित.

आणि एक सावधगिरी. पार्किन्सनच्या रुग्णांवर रोज १० ग्रॅम क्रिएटिनची मोठी चाचणी झाली होती, १७४१ जण होते. त्यात आजाराची गती मंदावेल अशी आशा होती. २०१३ मध्ये ती थांबवली, कारण फायदा दिसेल अशी शक्यताच उरली नव्हती. उंदरांवरचे निकाल त्याआधी फार उत्साहवर्धक होते.

तुषार_शं

माझा मूळ प्रश्न वेगळाच आहे. मेंदूत अशी 'सहा सेकंदांची धाव' येते तरी कधी? मेंदूचा खर्च बऱ्यापैकी सपाट असतो. वजनाने शरीराच्या दोन टक्के, ऊर्जा वीस टक्के, पण दिवसभर साधारण तशीच. बफर लागतो तो चढउतारांना.

सुमेधा_ज

अख्ख्या मेंदूकडे पाहिलं तर सपाट, पण एकेका चेताजोडाजवळ नाही. आवेगांची झड आली की सोडियम बाहेर काढणाऱ्या पंपांचा खर्च त्या इवल्याशा जागी काही क्षणांत उसळतो. मायटोकाँड्रिया तिथून थोडे दूर असू शकतात. एक कल्पना अशी आहे की क्रिएटिन फॉस्फेट ऊर्जा तिथवर पोहोचवतं, कारण एडीपीपेक्षा क्रिएटिन पेशीत कितीतरी जास्त असल्यामुळे निरोप त्याच्यामार्फत सहज पसरतो. ही कल्पना मोठ्या पेशींबाबत मला पटते. छोट्या अंतरांवर एटीपी स्वतःच झपाट्याने पसरतो, तिथे तिची गरज आहे का यावर माझे सहकारी अजून भांडतात.

थेट पुरावाही गोंधळाचा आहे. डोळ्यांसमोर चमकणारी जाळी दाखवून मेंदूच्या मागच्या भागात क्रिएटिन फॉस्फेट पाहिलं, तर कुणाला किंचित घट दिसते, कुणाला काहीच नाही. घट असली तरी ती यंत्राच्या मोजण्याच्या सीमेवरच असते.

तुषार_शं

रक्तपुरवठा तुटल्यावर तरी हा बफर मेंदूला वाचवतो ना? उंदरांत रक्त थांबवलं की आधी क्रिएटिन फॉस्फेट कोसळतं आणि एटीपी मागाहून, असं मी वाचलं होतं.

विशाखा_बालरोग

क्रम बरोबर आहे. क्रिएटिन फॉस्फेट पहिल्या मिनिटातच जवळजवळ संपतं, एटीपी त्यामागून. पण शुद्ध हरपते त्याहून आधी, पाच ते दहा सेकंदांत, जेव्हा एटीपी अजून बराच शिल्लक असतो. म्हणजे मेंदू ऊर्जा आटण्याची वाट न पाहता आधीच काम थांबवतो. त्यामुळे बफर माणसाला शुद्धीवर ठेवतो असं मी म्हणणार नाही. पेशी मरण्याची वेळ तो थोडी लांबवतो, एवढं म्हणेन.

सोहम_वाचनालय

मग शेवटी, परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचं असेल तर? झोप झाली नसताना उपयोग होतो असं कुठेतरी होतं.

सुमेधा_ज

२०२४ चा एक जर्मन अभ्यास आहे. २१ तास झोपू न देता, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.३५ ग्रॅम क्रिएटिन एकदाच दिलं. सत्तर किलोच्या माणसाला साडेचोवीस ग्रॅम, हा डोस नेहमीपेक्षा खूप मोठा. मेंदूतल्या फॉस्फेटच्या संकेतांत बदल दिसला आणि काही चाचण्यांत वेग सुधारला. एकूण माणसं पंधराच. मला तो निकाल लक्षवेधी वाटतो, कारण ताणाच्या वेळीच बफर कामी यावा हे त्याच्या स्वभावाला धरून आहे. पण एकदा घेतलेल्या डोसने काही तासांत मेंदूत एवढं क्रिएटिन पोहोचलं कसं, हे वर विशाखाताईंनी सांगितलेल्या अरुंद वाटेशी जुळत नाही. जागरणात ती वाट रुंदावते असा त्या गटाचा अंदाज आहे. दुसऱ्या कुणी मोठ्या गटावर हे करून दाखवेपर्यंत मी त्यावर परीक्षा लावणार नाही. सोहम, तू झोप.

अनिकेत_ध

दोन दिवस काढून सुमेधाताईंची चाचणी केली. तीन मिनिटांच्या विश्रांतीने शेवटच्या धावा पहिलीच्या खूप जवळ आल्या, तीस सेकंदांत नाही. म्हणजे माझी अडचण भरण्यातलीच दिसते. आता विचारायचंय ते हे: वेगाच्या दिवशी तीन मिनिटं ठेवतो, पण सामन्यात तर मला तीस सेकंदच मिळतात. ते भरणं लवकर व्हावं म्हणून काय करू, पावडर घेऊ की दमाच्या धावा वाढवू?

सुमेधा_ज

दमाच्या धावा आधी. भरण्याचा वेग ऑक्सिजनवर आहे आणि तो सरावाने वाढतो. पावडरीने सुरुवातीचा साठा वाढतो, त्यामुळे तुम्ही दर वेळी थोड्या वरच्या पातळीवरून सुरू कराल, पण मधे तीसच सेकंद विश्रांती असलेल्या फेऱ्यांत तूट तरीही साठेलच. दोन्ही एकदम सुरू करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आठ आठवडे नुसत्या दमाच्या धावा करा, मग हीच चाचणी पुन्हा घ्या आणि दहाव्या धावेची वेळ इथे टाका. आणि पावडर सुरू केलीत तर रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना नक्की सांगा, नीलांबरींना विशाखाताईंनी सांगितलं त्याच कारणासाठी.